फोटोतून पेशी मोजताना: हीमोसायटोमीटरचे चौकोन, डायल्युशन आणि आकडा कुठे बिघडतो

एकाच फोटोतल्या पेशी दोघांनी मोजल्या आणि एकाच्या २४८ व दुसऱ्याच्या २५५ आल्या, तर तो मोजणाऱ्यांमधला फरक. त्याच नळीतून चेंबर पुन्हा भरलं आणि या वेळी १७१ आल्या, तर गडबड नमुना घेण्यात किंवा चेंबर भरण्यात आहे. आयपीसमधून थेट मोजताना या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून जातात, कारण मोजून झालं की चेंबर धुतलं जातं आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो. फोटो काढला की त्या वेगळ्या करता येतात. फोटोमुळे चेंबर भरण्यातली चूक मात्र सुधारत नाही, ती जशीच्या तशी जपून ठेवली जाते. म्हणून इथे कॅमेऱ्याच्या आधीच्या कामालाही तितकीच जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून कल्चर केलेल्या, साधारण १५ मायक्रोमीटर व्यासाच्या पेशी, मृत पेशींना निळं करणारा रंग ट्रिपॅन ब्लू आणि इम्प्रूव्हड न्यूबाउअर चेंबर घेऊ.

कोणता चौकोन, किती आकारमान

चेंबरवर ३ मिलिमीटर × ३ मिलिमीटरची आखणी असते. तिचे १ मिलिमीटर बाजूचे नऊ मोठे चौकोन होतात. कव्हरस्लिप नीट बसली की खालच्या काचेपासून तिचं अंतर ०.१ मिलिमीटर असतं. म्हणजे एका मोठ्या चौकोनावर ०.१ घन मिलिमीटर, अर्थात ०.१ मायक्रोलीटर द्रव उभा असतो. एका मिलीलीटरमध्ये असे १०,००० भाग बसतात, आणि सूत्रातला १०,००० येतो तो इथूनच.

चार कोपऱ्यांतले मोठे चौकोन प्रत्येकी १६ भागांत विभागलेले असतात. मधला चौकोन आधी २५ भागांत आणि त्यातला प्रत्येक भाग पुन्हा १६ बारीक घरांत विभागलेला असतो. मधली आखणी दाट दिसते म्हणून तो चौकोन लहान आहे असं नवख्याला वाटतं. तोही १ मिलिमीटरचाच आहे, गुणकही तोच. गोंधळ होतो तो २५ पैकी फक्त ५ भाग मोजून १०,००० ने गुणताना. रक्तपेशी मोजण्याच्या पद्धतीत ते ५ भाग घेतात, पण ५ भाग म्हणजे मोठ्या चौकोनाचा पाचवा हिस्सा. त्या बेरजेला ५०,००० ने गुणावं लागतं.

आपल्या कामासाठी चार कोपरे आणि मधला, असे पाच पूर्ण चौकोन घ्या. ते एकमेकांना फक्त कोपऱ्याला टेकतात, त्यामुळे शेजारच्या फोटोतली पेशी दोनदा मोजली जाण्याची भानगड जवळजवळ राहत नाही.

नळीपासून चेंबरपर्यंत

पेशी नळीत काही मिनिटांतच खाली बसू लागतात. नमुना घेण्याच्या अगदी आधी नळी चार-पाच वेळा हलकेच उलटीसुलटी करा किंवा पिपेटने वरखाली करा, आणि टोक द्रवाच्या मध्यावर ठेवून नमुना घ्या. तळातून घेतला तर आकडा फुगतो, वरून घेतला तर घटतो, आणि फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

आता डायल्युशन. समजा सस्पेन्शन दाट आहे. ५० मायक्रोलीटर सस्पेन्शनमध्ये २०० मायक्रोलीटर बफर घातला, तर एकूण २५० झाले आणि विरलन पाचपट झालं. त्यातले २० मायक्रोलीटर घेऊन २० मायक्रोलीटर ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लूमध्ये मिसळले, म्हणजे आणखी दुप्पट. एकूण गुणक १०.

वहीत बहुतेक वेळा फसगत होते ती «१:४» आणि «१:५» या लिहिण्यात. कुणी १ भाग अधिक ४ भाग याला १:४ म्हणतो, कुणी तेच १:५ लिहितो. दोघांनीही आपापल्या परीने बरोबरच लिहिलेलं असतं, आणि तिसरा ते वाचून २० टक्क्यांनी चुकतो. म्हणून गुणोत्तर लिहूच नका. «५० + २००, एकूण २५०, गुणक ५» असं सगळं लिहा.

दुसरी गोष्ट, २ मायक्रोलीटर अधिक १८ अशी चिमूटभर मापं टाळा. टोकाच्या बाहेर चिकटलेला अर्धा मायक्रोलीटर २ मध्ये २५ टक्के चूक घालतो, २० मध्ये अडीच टक्के. टोक नळीच्या कडेला टेकवून बाहेरचा थेंब काढण्याची सवय ठेवा. माध्यमात सीरम भरपूर असेल तर प्रथिनंही रंग धरतात आणि पार्श्वभूमी गढूळ निळी होते. अशा वेळी पहिलं विरलन साध्या फॉस्फेट बफरने केलेलं बरं. रंगाच्या बाटलीत बारीक खडे दिसत असतील तर द्रावण आधी गाळून घ्या, कारण फोटोत ते खडे मेलेल्या पेशींसारखेच गडद दिसतात.

रंग मिसळल्यापासून तीन ते पाच मिनिटांत फोटो काढून झाले पाहिजेत. ट्रिपॅन ब्लू स्वतःच पेशींना मारक आहे, त्यामुळे उशीर झाला की निळ्या पेशी वाढत जातात. मोजणी नंतर सावकाश, चहा घेत करता येते. फोटोचा हा मोठा फायदा आहे.

कव्हरस्लिप आणि भरणं

चेंबर आणि कव्हरस्लिप ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करा. चेंबरची कव्हरस्लिप साध्या स्लाइडच्या कव्हरस्लिपपेक्षा जाड असते आणि ती हरवली म्हणून साधी पातळ वापरायची नसते. पातळ काच द्रवाच्या ताणाने वाकते आणि खोली जागोजागी बदलते. आधाराच्या दोन्ही पट्ट्यांवर कव्हरस्लिप हलकी दाबून सरकवली की काचांच्या संपर्काच्या जागी इंद्रधनुषी कडी दिसतात. ती दोन्ही बाजूंना दिसली तरच पुढे जा. का, ते आकड्यातच बघा. खोली फक्त ०.१ मिलिमीटर आहे. धुळीचा कण अडकून काच ०.०१ मिलिमीटर उचलली गेली, की आकारमान आणि त्याबरोबर काउंट १० टक्क्यांनी वाढला. फोटोत मात्र सगळं नीटनेटकं.

भरताना साधारण १० मायक्रोलीटर घ्या, टोक कव्हरस्लिपच्या कडेला खाचेपाशी टेकवा आणि एका दमात सोडा. द्रव आपोआप आत ओढला जातो. बाजूच्या खोलगट चरांत द्रव उतरला तर जास्त झालं, आखणीचा काही भाग कोरडा राहिला किंवा बुडबुडा आला तर कमी झालं. दोन्ही वेळी धुऊन पुन्हा भरा. कडेने आणखी थेंब घालून «भागवून घेणं» ही सगळ्यात वाईट दुरुस्ती, कारण नव्या द्रवाचा लोट आधी बसलेल्या पेशींना एका बाजूला ढकलतो.

भरल्यावर मिनिट-दोन मिनिटं चेंबर न हलवता ठेवा. पेशी तळाशी बसल्या की त्या आणि आखणी जवळपास एकाच फोकसमध्ये येतात. थेट मोजताना फोकस वरखाली करून तरंगणारी पेशी शोधता येते. फोटोत तसं करता येत नाही, जी पेशी वर राहिली ती धूसर डाग होऊन जाते.

फोटो कसा काढावा

१० पट वस्तुभिंग वापरा. कंडेन्सरचा पडदा थोडा मिटा, नाहीतर आखणीच्या रेघा प्रकाशात विरून जातात. फार मिटला तर पेशीभोवती जाड काळी कडा येते आणि कचराही पेशीसारखा दिसू लागतो. रेघा स्पष्ट आणि जिवंत पेशीचं मध्य उजळ, अशी जागा सापडली की पडदा, प्रकाश, एक्स्पोझर आणि व्हाइट बॅलन्स तिथेच ठेवा आणि सगळे फोटो त्याच मांडणीत काढा. एक्स्पोझर आपोआप बदलू दिलं तर एका चौकोनातली फिकट निळी पेशी दुसऱ्यात करडी दिसते.

चौकटीत पूर्ण मोठा चौकोन हवा, आणि चारही सीमारेघांच्या बाहेर थोडी मोकळी जागा हवी. फोटो रेघेवरच कापला गेला तर रेघेवरची पेशी अर्धीच दिसते आणि मग तिच्याबद्दल नियम लावता येत नाही. कॅमेऱ्याचं क्षेत्र लहान असेल तर एकतर कमी शक्तीचं भिंग घ्या, किंवा चौकोनाचे चार तुकडे करून फोटो काढा आणि मोजताना आतल्या रेघांनी कोणता भाग कोणत्या फोटोत मोजायचा ते आधी ठरवा.

प्रत्येक चौकोनाचे दोन फोटो काढा: एक आखणीवर फोकस करून, दुसरा फोकस जरा वर नेऊन पेशीच्या मध्यावर. पहिल्यात सीमा ठरते, दुसऱ्यात जिवंत-मृत ठरतं. पाच क्लिक जास्त होतात, पण शंकास्पद पेशींचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

आयपीसला फोन लावून काढलेल्या फोटोत कडेच्या रेघा किंचित वाकलेल्या असतात. त्याची फार काळजी नको. आपण पिक्सेल मोजून क्षेत्रफळ काढत नाही, काचेवर कोरलेल्या रेघांच्या आत काय आहे ते मोजतो. भिंगाने रेघ वाकवली तर तिच्या शेजारच्या पेशीलाही त्याच बाजूला वाकवली. त्यामुळे फोटो लहान-मोठा केल्यानेही आकडा बदलत नाही. फोटोची सगळी रुंदी किती मायक्रोमीटर ते काढून त्यावरून आकारमान मांडणारे लोक भेटतात. त्यांनी उगाच एक नवी चूक ओढवून घेतलेली असते.

फाइलच्या नावात तारीख, नमुना, चेंबरची बाजू, चौकोन आणि फोकस येऊ द्या. पाचही चौकोन काढल्यावर चेंबरच्या दुसऱ्या बाजूत त्याच नळीतून नव्याने, नळी पुन्हा हलवून भरा आणि तेच करा.

मोजताना: रेघेवरच्या पेशी

इम्प्रूव्हड न्यूबाउअरमध्ये जिथे तीन रेघा जवळजवळ असतात तिथे मधली रेघ ही खरी सीमा. नियम असा: वरच्या आणि डाव्या रेघेला टेकलेली पेशी मोजायची, खालच्या आणि उजव्या रेघेला टेकलेली सोडायची. कोपऱ्यात एखादी पेशी वरच्या आणि उजव्या अशा दोन्ही रेघांना टेकली तर ती सोडायची, म्हणजे «सोडायची» रेघ वरचढ. कॅमेऱ्यातलं चित्र आयपीसच्या तुलनेत उलटं असू शकतं. हरकत नाही, पडद्यावरची वरची आणि डावी बाजू धरा आणि मध्येच एखादा फोटो फिरवू नका.

हा नियम किचकट वाटतो म्हणून «टेकली की मोजली» असं सर्रास केलं जातं. त्याने किती फरक पडतो, हे चौकोनाच्या आकारावर अवलंबून आहे. १५ मायक्रोमीटरच्या पेशीसाठी १ मिलिमीटर चौकोनात आकडा सुमारे ३ टक्के फुगतो. तोच प्रकार ०.२ मिलिमीटरच्या भागात केला तर सुमारे १५ टक्के, कारण लहान घरात आतल्या जागेच्या मानाने कडेची लांबी जास्त. मोठ्या चौकोनात कंटाळा केला तर निभावतं, मधल्या बारीक घरांमध्ये मुळीच निभावत नाही. मोठे पूर्ण चौकोन निवडण्यामागे हेही एक कारण आहे.

पेशींवर खुणा करायला इमेजजे हे सॉफ्टवेअर सोयीचं आहे. त्यातल्या Multi-point साधनावर डबल-क्लिक केलं की Counter निवडता येतो: जिवंत पेशींना ०, मृतांना १. चुकलेली खूण Alt धरून क्लिक केल्यास जाते. फाइल TIFF म्हणून साठवली की खुणाही तिच्यासोबत राहतात. मोजणी आपोआप व्हावी म्हणून थ्रेशोल्ड लावायचा मोह होतो, पण रेघेला चिकटलेली पेशी रेघेचाच भाग ठरते आणि जवळजवळच्या दोन पेशींची एक होते. पाच चौकोनांसाठी हाताने खुणा करणं लवकर उरकतं.

मृत पेशी आतून सगळी निळी असते, बऱ्याचदा फुगलेली आणि मळकट. जिवंत पेशी उजळ, कडा रेखीव. मधल्या फिकट निळ्या पेशींचं काय करायचं ते मोजायला बसण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. फोटोगणिक ठरवलं तर नमुन्याचं नाव वाचून हात आपोआप झुकतो. शक्य असेल तर फाइलची नावं झाकूनच मोजा. गुच्छातल्या पेशी सुट्या दिसत असतील तर एकेक मोजा. गुच्छ खूप असतील तर मोजणं थांबवा आणि सस्पेन्शन पुन्हा नीट सुटं करा, कारण गुच्छाच्या पोटात किती पेशी आहेत हे कोणताही फोटो सांगणार नाही.

एक हिशोब, दोन निदानं

पाच चौकोनांत जिवंत पेशी आल्या ४७, ५२, ४४, ५५, ५०. बेरीज २४८, सरासरी ४९.६. मृत पेशी एकूण २०.

```
पेशी प्रति मिलीलीटर = सरासरी × गुणक × १०,०००
= ४९.६ × १० × १०,००० = ४९,६०,०००
जिवंतपणा = २४८ ÷ (२४८ + २०) = ९२.५ टक्के
```

मूळ नळीत एका मिलीलीटरमध्ये साधारण ५० लाख जिवंत पेशी. «४९ लाख ६० हजार» असं लिहिणं म्हणजे नसलेला नेमकेपणा मिरवणं आहे. पेशी यादृच्छिक पसरल्या असतील तर निव्वळ योगायोगाची चूक मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. २४८ चं वर्गमूळ सुमारे १६, म्हणजे ६ टक्क्यांच्या वर. १०० पेशी मोजल्या तर १० टक्के, ४०० मोजल्या तर ५ टक्के. एका चौकोनात शंभराहून खूप जास्त पेशी असतील तर एकमेकींवर चढतात, तेव्हा आणखी विरल करा. वीसपेक्षा कमी असतील तर गुणक कमी करा किंवा नऊही चौकोन मोजा.

आता दुसरं चेंबर बघा: ७१, २८, ६३, ३५, ५१. बेरीज पुन्हा २४८, सरासरी तीच. उत्तरही तेच येईल, पण त्यावर भरवसा ठेवता येणार नाही. सरासरी ५० असेल तर योगायोगाने चौकोन साधारण ७ ने इकडेतिकडे होतात. इथे २१-२२ ने झाले आहेत. तपासायचं असेल तर प्रत्येक चौकोनाचा सरासरीपासूनचा फरक घ्या, वर्ग करा, बेरीज करा आणि सरासरीने भागा. पहिल्या चेंबरला १.५ येतं, दुसऱ्याला २६.६. पाच चौकोनांसाठी ९.५ च्या वर गेलं की पेशी एकसारख्या पसरलेल्या नाहीत असं धरा. मग पाचही फोटो शेजारी मांडून बघा. जास्त पेशी एकाच बाजूच्या चौकोनांत असतील तर भरताना लोट गेला किंवा चेंबर तिरकं होतं. कुठेही कमी-जास्त असतील तर मिसळणं कच्चं राहिलं किंवा गुच्छ आहेत.

शेवटी सुरुवातीच्या दोन जोड्यांकडे. दोन वेगळ्या भरण्यांत २४८ आणि १७१ आले. योगायोगाने पडणारा फरक हा बेरजेच्या, म्हणजे ४१९ च्या वर्गमुळाइतका, सुमारे २०. आपला फरक ७७ आहे, जवळजवळ चौपट. असं काउंट सरासरी काढून वापरू नका. नळी हलवून तिसऱ्यांदा भरा, आणि विरलनाबद्दल शंका असेल तर तेही मूळ नळीतून नव्याने करा.

२४८ आणि २५५ ची गोष्ट वेगळी. तिथे ७ हा फरक १६ पेक्षा लहान आहे म्हणून सोडून देणं ही चूक होईल, आणि ती चांगले जाणकारही करतात. वर्गमुळाचा नियम नव्या नमुन्याला लागू पडतो, त्याच फोटोला नाही. फोटोत पेशी त्याच आहेत, योगायोगाला जागाच नाही. दोघांच्या खुणा एकमेकींवर ठेवल्या की त्या सात पेशी बोट ठेवून दाखवता येतात. बहुतेक उजव्या रेघेवर सापडतील, एखाद-दुसरी फिकट निळी असेल.